दुपारी दोनचं सत्र आणि पहिले तीस सेकंद

जिल्ह्याच्या ठिकाणचं शंभर खाटांचं रुग्णालय. विषय अग्निसुरक्षा, वेळ दुपारी दोन. समोर परिचारिका, वॉर्डबॉय, लॅबमधली मंडळी आणि सकाळची पाळी उरकून थेट सभागृहात आलेल्या काही सिस्टर. प्रशिक्षणाचा दिवस म्हणून जेवणात पुरी-भाजी, मसालेभात आणि वर गुलाबजाम. प्रोजेक्टर आहे म्हणून पडदे ओढलेले, पडदे ओढलेत म्हणून दिवे मंद, आणि एसी चालू. प्रशिक्षक माईक हातात घेऊन म्हणतो, ‘‘नमस्कार. सर्वप्रथम मला इथे बोलावल्याबद्दल व्यवस्थापनाचे आभार. आजचा आपला विषय आहे अग्निसुरक्षा. अग्निसुरक्षा हा आपल्या सर्वांसाठी अत्यंत महत्त्वाचा विषय असून...’’

एवढ्यात तीस सेकंद संपतात. ऐकणाऱ्याला यात नवीन काहीच मिळालेलं नसतं. विषय फलकावर लिहिलेला होता, आभार त्यांचे नव्हते, आणि विषय महत्त्वाचा असल्याचं सांगणारा प्रत्येक वक्ता त्यांनी आजवर ऐकलेला आहे. मेंदूने डुलकीला परवानगी द्यावी यासाठी याहून चांगलं कारण सापडणार नाही.

दोष जेवणाला देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. भरपेट जेवणाने सुस्ती वाढते हे खरंच, पण दुपारी एक ते चारच्या दरम्यान येणारी मरगळ न जेवलेल्या माणसालाही येते. सकाळी उठल्यापासून झोपेची गरज हळूहळू साठत असते. शरीरातलं चोवीस तासांचं घड्याळ जागेपणाचा जोर लावून ती थोपवून धरतं. दुपारी हा जोर थोडा कमी पडतो, संध्याकाळकडे पुन्हा वाढतो. मधल्या खाचेत आपलं सत्र अडकलेलं असतं. म्हणून आयोजकांना ‘हलकं जेवण ठेवा’ म्हणून भागत नाही. सुरुवातच या वेळेसाठी लिहावी लागते. सकाळी दहाला खपणारी सुरुवात दोनला चालेलच असं नाही.

लिहावी लागते, हा शब्द मी शब्दशः वापरतोय. मराठीत सावकाश, समजेल असं बोलताना मिनिटाला साधारण १२० शब्द होतात. म्हणजे तीस सेकंदांत साठ. मध्ये दोनदा थांबायचं म्हटलं तर पन्नासच. एवढ्या जागेत पाल्हाळाला वाव नाही, आणि आयत्या वेळी सुचेल म्हणणाऱ्याला आयत्या वेळी ‘सर्वप्रथम’ हाच शब्द सुचतो.

आता हीच सुरुवात नव्याने लिहून पाहू. बहुतेक जण महत्त्वाच्या मुद्द्यापासून लिहायला घेतात. माझ्या मते सुरुवात शोधायची ती श्रोत्यांच्या चुकीच्या अंदाजात. ज्या गोष्टीबद्दल त्यांना काहीतरी वाटतं, पण जे वाटतं ते बरोबर नाही, तिथे उत्सुकता आयती तयार असते. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ मध्ये उत्सुकतेची मांडणी अशीच केली होती: आपल्याला जे माहीत आहे आणि जे जाणून घ्यायचं आहे, त्यांतलं अंतर जाणवलं की माणूस अस्वस्थ होतो. अंतर जाणवायला मात्र आधी स्वतःचं काहीतरी मत द्यावं लागतं. नुसतं ‘तुम्हाला माहीत आहे का?’ विचारलं की खोली मनात ‘नाही’ म्हणते आणि पुन्हा मान टाकते.

अग्निसुरक्षेत असा चुकीचा अंदाज कुठे आहे? भिंतीवर टांगलेल्या लाल सिलिंडरमध्ये. रुग्णालयांत बहुधा कोरड्या पावडरचे, चार किंवा सहा किलोचे सिलिंडर असतात. रोज त्याच्यासमोरून जाणाऱ्या माणसाला विचारा, दांडा दाबून धरला तर हा किती वेळ चालेल. दोन मिनिटं, तीन मिनिटं, कुणी पाचही म्हणतं. प्रत्यक्षात तो दहा ते वीस सेकंदांत रिकामा होतो. एवढा मोठा फरक एकाच वस्तूत, आणि ती वस्तू त्यांच्याच वॉर्डाबाहेर लटकलेली.

मग पहिला खर्डा असा होतो: ‘‘तुम्हाला माहीत आहे का, आपल्या वॉर्डाबाहेरचा सिलिंडर फक्त पंधरा सेकंद चालतो?’’ माहिती चांगली आहे, पण वाक्य वाया गेलं. प्रश्न आणि उत्तर एकाच श्वासात आले; ऐकणाऱ्याला अंदाज बांधायला उसंतच मिळाली नाही. दुसरा खर्डा: ‘‘हा सिलिंडर किती वेळ चालेल? सांगा बरं कुणीतरी.’’ हा आणखी वाईट. ‘कुणीतरी’ म्हटलं की कुणीच बोलत नाही. वरिष्ठ मेट्रन समोरच्या रांगेत बसलेल्या असताना चुकीचं उत्तर देण्याची हौस कुणाला? चार सेकंद शांतता, मग प्रशिक्षक स्वतःच उत्तर देतो. एकदा असं झालं की पुढच्या दीड तासात कुठल्याच प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, हे खोलीला समजतं.

तिसरा खर्डा. प्रशिक्षक सिलिंडर उचलून टेबलावर ठेवतो. नमस्कार नाही, स्लाइड नाही, दिवे पूर्ण लावलेले.

‘‘सगळे जरा उभे राहा. हा आपल्या वॉर्डाबाहेरचा सहा किलोचा सिलिंडर. आग लागलीये. समजा मी पिन काढली, दांडा दाबला. आतली पावडर संपली असं वाटेल, तेव्हा खाली बसा. शेजाऱ्याकडे बघायचं नाही. सुरू.’’

हे तीसेक शब्द आहेत, साधारण पंधरा सेकंदांचे. पुढचे पंधरा सेकंद प्रशिक्षकाने घड्याळाकडे बघत गप्प उभं राहायचं. एखाददुसरी व्यक्ती बसते, बाकी खोली उभी. मग तो म्हणतो, ‘‘संपला.’’

उभे असलेले एकमेकांकडे बघतात. चुकलेले जवळजवळ सगळेच असल्याने लाज कुणालाच वाटत नाही. आणि पुढचं वाक्य ते खाली बसायच्या आत यायला हवं: ‘‘एवढ्या वेळात नळी कुठे धरली, तर आग विझेल?’’ उत्तर असं आहे की ज्वाळांवर नाही, आगीच्या बुडाशी, आणि डावी-उजवीकडे फिरवत. पण ते लगेच द्यायची घाई करू नये. पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाचं दार उघडत असेल, तर तीस सेकंदांत मिळवलेलं लक्ष एकतिसाव्या सेकंदाला सांडत नाही.

इथे तीन कामं एकदम झाली: अंग हललं, प्रत्येकाने कुणाचं न ऐकता एक अंदाज पणाला लावला, आणि शिकवायचं होतं ते शिकवायला सुरुवातही झाली. तिसरं काम सगळ्यांत जास्त विसरलं जातं. टाळ्या वाजवणं, ‘गुड आफ्टरनून’ तीनदा मोठ्याने म्हणवून घेणं, हात वर-खाली करायला लावणं, यांनी माणूस दचकून जागा होतो हे खरं. अचानक बदल झाला की मेंदू तिकडे वळतो. पण त्या बदलातून काहीच निघालं नाही, तर तो तितक्याच लवकर दुर्लक्ष करायला शिकतो. तिसऱ्यांदा वाजलेली टाळी मागची रांग डोळे मिटूनही वाजवू शकते. ‘जेवण जड झालंय वाटतं!’ हा विनोदही टाळावा. हसू येतं, पण झोप येणं इथे अपेक्षितच आहे, असा निरोपही त्याच्यासोबत पोचतो.

दुसरा मोह भीतीचा. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. महाराष्ट्रातल्या रुग्णालयात अग्निसुरक्षेचं सत्र घेणाऱ्याला हा प्रसंग सांगावासा वाटणारच, आणि सांगायलाही हवा. पण पहिल्या तीस सेकंदांत नको. झोप उडेल यात शंका नाही. मात्र समोर रात्रपाळीत अशाच कक्षात एकट्या बसणाऱ्या सिस्टर असतात. अजून ओळखही न झालेल्या माणसाने हे तोंडावर टाकलं की त्यांना पहिल्यांदा ऐकू येतो तो आरोप: तुम्ही असता तर काय केलं असतं? आरोप ऐकणारा माणूस जागा असतो, पण शिकत नसतो. तो मनात स्वतःची बाजू मांडत असतो. आधी हातात सिलिंडर द्यावा, पिन ओढता येते हे कळू द्यावं. तासाभराने तोच प्रसंग वेगळ्या कानांनी ऐकला जातो.

सुरुवात कागदावर झकास वाटते, म्हणून ती चालेलच असं नाही. तपासायची जागा म्हणजे जेवणाची रांग. चार-पाच जणांना सहज विचारावं, ‘तो लाल सिलिंडर किती वेळ चालत असेल?’ सगळ्यांनी ‘दहा-पंधरा सेकंद’ म्हटलं, तर मागच्या वर्षी कुणीतरी हे सांगून गेलेलं आहे. आपला प्रश्न बाद. मग पर्याय तयार हवा. उदाहरणार्थ, डोळे मिटून आपल्या वॉर्डापासून सर्वांत जवळच्या सिलिंडरच्या दिशेने बोट दाखवायला सांगणं. डोळे उघडल्यावर एकाच वॉर्डातली बोटं चार दिशांना दिसतात. (पेंगणाऱ्यांना डोळे मिटायला सांगण्यात धोका आहे, म्हणून हा पर्याय दुसरा!)

वेळेचा आकडाही स्वतः तपासलेला असावा. सिलिंडरच्या वजनाप्रमाणे आणि बनावटीप्रमाणे तो बदलतो. रिफिलिंगला जाणाऱ्यांपैकी एक सिलिंडर मोकळ्या आवारात रिकामा करून स्टॉपवॉच लावलं, की ‘आपलाच सिलिंडर, चौदा सेकंद’ असं ठामपणे म्हणता येतं. सभागृहात मात्र पिनला हात लावायचा नाही. बंद खोलीत पावडर उडाली तर सत्र तिथेच संपेल. गुडघे दुखणाऱ्यांना किंवा गरोदर सिस्टरना बसून हात वर धरायला सांगावं, आणि ते सूचनेतच सांगावं, नंतर वेगळं काढून नव्हे.

सुरुवात लागू पडली का, हे हसण्यावरून ठरवू नये. ‘संपला’ म्हटल्यावर लोक शेजाऱ्याशी बोलू लागले, कुणी ‘आमच्याकडे तर चार किलोचाच आहे’ म्हणालं, कुणी सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का ते पुढे येऊन बघितलं, तर लागू पडली. सगळे नुसतेच गुपचूप बसले, तर सूचना लांबली होती किंवा उभं राहणं त्यांना शिक्षेसारखं वाटलं. तेव्हा स्लाइडकडे न वळता लगेच सिलिंडर रांगेतून फिरवावा. लोखंडाचं ते धूड मांडीवर आल्यावर पेंगणं अवघड असतं.

अशा सुरुवातीची मुदत मात्र काही मिनिटांचीच. ती झोपेची गरज कमी करत नाही, थोडा वेळ बाजूला सारते. म्हणून नाव, ओळख, आभार हे तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला उरकून, दहा मिनिटांच्या आत पुन्हा हाताला काम द्यावं लागतं. आणि रात्रपाळी करून आलेल्यांसाठी कसलेही तीस सेकंद पुरत नाहीत. त्यांचं सत्र दुसऱ्या दिवशी सकाळी लावायला सांगणं, हे प्रशिक्षकाने सुरुवात लिहायला बसण्याआधी, आयोजकांच्या पहिल्याच फोनवर करायचं काम आहे.