लेख माणसाने लिहिलाय की मशीनने? तीन आकड्यांवर पैसे अडवू नका



आपल्या बॅचमधल्या एका ताईंचा पापड-मसाल्यांचा व्यवसाय आहे. त्यांनी एका मुलीकडून ४० उत्पादनांची माहिती लिहून घेतली. ३०० रुपये नग, म्हणजे १२ हजारांचं काम. मग कुणीतरी सांगितलं, "हे एआयने लिहिलंय, तपासून बघा." ताईंनी मजकूर एका फुकटच्या टूलमध्ये टाकला. त्यात तीन आकडे आले: शब्दांची सरासरी लांबी, वाचनसुलभतेचा गुण आणि वाक्यांच्या लांबीतला चढ-उतार. खाली शेरा होता, 'बहुधा मशीन'. ताईंनी पैसे अडवले आणि मला फोन केला.

मी म्हटलं, थांबा. आधी हे आकडे कसे निघतात ते बघू.

या टूलमागची समजूत अशी: माणूस कधी छोटं वाक्य लिहितो, कधी लांबलचक, मशीन मात्र एकसारखी वाक्यं लिहितं. समजूत अगदीच खोटी नाही. हजारो लेखांची सरासरी काढली तर थोडा फरक दिसू शकतो. पण आपल्यासमोर हजारो लेख नसतात, एकच असतो.

आता त्या मुलीचा मजकूर बघा:

"आमचे पापड उडदाच्या डाळीचे आहेत. पापड उन्हात वाळवलेले आहेत. एका पाकिटात वीस पापड आहेत. पाकीट कोरड्या जागी ठेवा."

वाक्यातले शब्द मोजा: ५, ४, ५, ४. सरासरी साडेचार. प्रत्येक वाक्य सरासरीपासून फक्त अर्ध्या शब्दाने लांब. चढ-उतार जवळजवळ नाहीच, म्हणून टूल म्हणालं 'मशीन'. पण पाकिटावरचा मजकूर असाच लिहायचा असतो ना!

आता समजा, कुणी मशीनला सांगितलं की लहान-मोठी वाक्यं मिसळून लिही, आणि असा मजकूर आला:

"थांबा जरा. आजीच्या हातची चव आठवते का, जी दुपारच्या उन्हात गच्चीवर वाळणाऱ्या पापडांच्या वासासोबत घरभर पसरायची? तीच ही चव. आजच एक पाकीट मागवा आणि जेवणाला घरची आठवण जोडा."

शब्द: २, १४, ३, ९. सरासरी ७. सरासरीपासूनचं अंतर ५, ७, ४ आणि २, म्हणजे सरासरी साडेचार शब्द. पहिल्याच्या नऊपट चढ-उतार! याच फूटपट्टीने हा मजकूर 'माणसाचा' ठरेल. म्हणजे हा आकडा कोणी लिहिलं ते सांगत नाही, कशासाठी आणि कोणत्या शैलीत लिहिलं ते सांगतो.

"पण तिन्ही आकडे एकच सांगत होते की!" ताई म्हणाल्या. इथेच फसगत होते. वाचनसुलभतेचं फ्लेश यांचं प्रसिद्ध सूत्र १९४८ चं आहे, आणि तेही इंग्रजीसाठी. त्यात दोनच गोष्टी जातात: एका वाक्यात सरासरी किती शब्द आणि एका शब्दात सरासरी किती उच्चारखंड. म्हणजे वाक्याची लांबी आणि शब्दाची लांबीच पुन्हा मोजली. हा तिसरा साक्षीदार नाही, पहिल्या दोघांचंच बोलणं पुन्हा सांगणारा आहे.

मराठीत तर शब्दाची लांबीही घोळ घालते. 'घरासमोरच्या' हा आपला एकच शब्द, इंग्रजीत त्याचे चार-पाच शब्द होतात. 'स्त्री' आपण एका दमात म्हणतो, पण कॉम्प्युटर त्यात सहा चिन्हं मोजतो. इंग्रजीची फूटपट्टी इथे लावली की आकडा येतो, अर्थ येत नाही.

आणि ही अडचण फक्त फुकटच्या टूलची नाही. खुद्द ओपनएआयने यापेक्षा बरंच गुंतागुंतीचं ओळख-टूल काढलं होतं. त्यांच्याच चाचणीत ते मशीनच्या मजकुरापैकी २६ टक्केच पकडत होतं आणि माणसांच्या ९ टक्के मजकुरावर चुकीचा आरोप करत होतं. १००० अक्षरांपेक्षा लहान मजकुरावर तर भरवसाच ठेवू नका, असं तेच सांगत होते. जुलै २०२३ मध्ये त्यांनी ते बंद केलं. आपला पापडाचा मजकूर १५० अक्षरांचाही नाही!

मग हे आकडे फेकून द्यायचे का? नाही. त्याच व्यक्तीचं, त्याच प्रकारचं जुनं, मोठं लिखाण असेल तर तुलना करा. फरक खूप दिसला तर तो प्रश्न विचारायचं कारण आहे, पैसे अडवायचं नाही. विचारताना कच्चा मसुदा मागा, आणि वजन, घटक, टिकण्याची मुदत बरोबर आहे का ते पाकिटाशी ताडून बघा. ग्राहकाची तक्रार या चुकांवरून येते, वाक्यांच्या लांबीवरून नाही. आणि एआय चालेल की नाही, हे काम देतानाच लेखी ठरवा.

ताईंनी मसुदे मागितले. मुलीने वहीची पानं फोटो काढून पाठवली, खाडाखोडीसकट. दोन ठिकाणी वजन चुकलं होतं, ते दुरुस्त करून घेतलं आणि त्याच संध्याकाळी १२ हजार पाठवले.

भेटू पुढच्या व्हिडिओत!