चार पोती प्लॅस्टिक आणि तेरा मीटर रस्ता



मुखेड तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. बैठक संपली, चहा झाला, आणि एका मावशींनी मला ओसरीच्या कोपऱ्यात नेऊन चार पोती दाखवली. म्हणाल्या, "ताई, आम्ही सहा महिने गावातलं प्लॅस्टिक वेचलं. याचा डांबरी रस्ता होतो म्हणतेत. मग आमचा रस्ता होईल का? अन् झाला तर पावसाळ्यात टिकंल का?"

मावशींचे प्रश्न दोन होते आणि दोन्ही मोलाचे होते. आज त्यांचीच उत्तरं तुमच्यासमोर ठेवते.

आधी एक गैरसमज काढून टाकू. 'प्लॅस्टिकचा रस्ता' म्हटलं की प्लॅस्टिक वितळवून त्याच्या लाद्या अंथरल्या, असं डोळ्यांसमोर येतं. तसं काही नसतं. तो नेहमीचाच गिट्टीचा आणि डांबराचा रस्ता असतो. त्याच्या सगळ्यात वरच्या थरात थोडं प्लॅस्टिक मिसळलेलं असतं, एवढाच फरक.

ही पद्धत मदुराईच्या त्यागराजर इंजिनिअरिंग कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी बसवली. २००२ साली चेन्नईतली जंबुलिंगम स्ट्रीट या पद्धतीने झाली. काही वर्षांनी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी या आणि अशाच इतर रस्त्यांची तपासणी झाली, तेव्हा त्यांची स्थिती चांगली आढळली. पुढे २०१३ मध्ये रस्तेबांधणीचे नियम ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने या पद्धतीचं नियमपुस्तक काढलं. वासुदेवन सरांना २०१८ साली पद्मश्री मिळाली.

आता हे काम होतं कसं, ते पाहू. स्वच्छ आणि कोरडं प्लॅस्टिक यंत्रात घालून त्याचा बारीक चुरा करतात, मोहरीच्या दाण्याएवढा किंवा त्याहूनही बारीक. हॉटमिक्स प्लांटवर गिट्टी साधारण १६५ अंशांपर्यंत तापवतात. म्हणजे उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त गरम. त्या तापलेल्या गिट्टीवर हा चुरा सोडतात आणि अर्धा-पाऊण मिनिट घोळवतात. चुरा वितळून गिट्टीच्या प्रत्येक खड्याला पातळ थर चढतो. चिक्की करताना शेंगदाण्याला गुळाचा पाक लागतो ना, अगदी तसा. त्यानंतरच गरम डांबर घालतात. मग तो माल ट्रकने रस्त्यावर नेऊन गरम आहे तोवर पसरायचा आणि वरून रोलर फिरवायचा.

प्लॅस्टिक सरळ डांबरातच का टाकत नाहीत, असं तुम्ही विचाराल. तशीही एक पद्धत आहे. पण डांबरात टाकलेलं प्लॅस्टिक एकजीव राहत नाही, ढवळणं थांबलं की वेगळं होऊन वर येतं. त्यासाठी खास यंत्र लागतं. आधी गिट्टीवर चढवण्याची पद्धत साध्या प्लांटवरही जमते, म्हणून आपल्याकडे तीच चालते.

याचा फायदा काय? डांबरी रस्त्याचा मोठा वैरी म्हणजे पाणी. पाणी गिट्टी आणि डांबर यांच्या मधे शिरतं आणि डांबर गिट्टीपासून सोडवतं. मग गाड्यांच्या चाकांखाली खडे सुटे होऊन निघतात आणि खड्डा पडतो. गिट्टीवर प्लॅस्टिकचा थर असला की पाण्याला ती जागा सहज मिळत नाही आणि डांबरही त्या थराला घट्ट धरतं. म्हणजे प्लॅस्टिक हे रस्त्याच्या एका आजारावरचं औषध आहे. सगळ्या आजारांवरचं नाही, हे ध्यानात ठेवा, कारण पुढे त्याचं काम पडणार आहे.

आता मावशींच्या पोत्यांकडे येऊ. आम्ही दोघींनी ती ओसरीवर पालथी केली आणि निवडायला बसलो.

आधी बाजूला काढले पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि वाढदिवसाचे, निवडणुकीचे जुने फ्लेक्स बॅनर. फ्लेक्सच्या कापडावरही पीव्हीसीच असतं. हे रस्त्यात घालायला सक्त मनाई आहे. तापलं की त्यातून आम्लाचा वायू निघतो, तो प्लांटवर काम करणाऱ्यांच्या डोळ्यांत आणि छातीत जातो. काळ्या कॅरीबॅगाही काढल्या. त्या पुन्हा पुन्हा गाळलेल्या मालाच्या असतात, त्यात कस उरलेला नसतो.

मग पाण्याच्या आणि थंड पेयाच्या बाटल्या वेगळ्या केल्या. त्यांचं प्लॅस्टिक वितळायला जवळजवळ अडीचशे अंश लागतात, १६५ अंशांत ते नीट वितळत नाही. शिवाय बाटलीला भंगारवाला पैसे देतो आणि तिच्यापासून पुन्हा वस्तू होते. जे विकलं जातं ते रस्त्यात कशाला पुरायचं?

कुरकुऱ्यांची चकचकीत पाकिटं आणि गुटख्याच्या पुड्या ही अडचणीची जात. त्यात वेगवेगळे थर एकावर एक चिकटवलेले असतात. काही वितळतात, काही नाही. ती वेगळ्या पोत्यात भरली. ज्या प्लांटवर माल जाणार, त्यांना विचारूनच ती द्यायची. शेतातला मल्चिंगचा कागद खरं तर चालणाऱ्या जातीचा, पण त्याला माती एवढी चिकटलेली होती की तोही बाजूला ठेवावा लागला. माती असली की प्लॅस्टिक गिट्टीला धरत नाही. नियमाने चुऱ्यात माती-कचरा शंभरात एका भागापेक्षा जास्त चालत नाही.

शेवटी उरल्या दुधाच्या पिशव्या आणि पातळ कॅरीबॅगा. रस्त्याला खरा कामाचा माल तो हाच. काट्यावर वजन केलं तर अकरा किलो भरलं. चार पोत्यांतून अकरा किलो.

आता हिशेब मांडू. आपल्या गावाकडचा एकेरी रस्ता पावणेचार मीटर रुंद धरा आणि वरचा थर अडीच सेंटीमीटर, म्हणजे साधारण एक इंच. अशा एक किलोमीटरला सुमारे २१५ टन गिट्टी-डांबराचा माल लागतो. त्यात डांबर शंभराला पाच भाग, म्हणजे पावणेअकरा टन. आणि प्लॅस्टिक किती? डांबराच्या शंभर किलोमागे सहा ते आठ किलो, आणि तेवढं डांबर कमी घालायचं. आठ किलो धरले तरी किलोमीटरला साडेआठशे किलोच्या आसपास होतं. म्हणजे हजार किलो मालात प्लॅस्टिक चार किलो!

रायगड जिल्ह्यात नागोठण्याला रिलायन्स कंपनीने आपल्या कारखान्याच्या परिसरात असे रस्ते केले. कंपनीने २०२० च्या सुरुवातीला सांगितलेला आकडा होता सुमारे ४० किलोमीटरला ५० टन, म्हणजे किलोमीटरला सव्वा टन. रुंदी आणि थर यांप्रमाणे आकडा कमी-जास्त होतो, पण अंदाज टनाच्या आसपासच राहतो.

या हिशेबाने मावशींच्या अकरा किलोत तेरा मीटर रस्त्याचा वरचा थर होतो. ओसरीपासून शेजारच्या वाड्यापर्यंत. मावशी हसल्या, पण हिरमुसल्या नाहीत. म्हणाल्या, "तेरा तर तेरा. पण गटारात तर नाही गेलं!"

मात्र त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर थोडं कडू आहे. असा रस्ता पावसाळ्यात टिकेल का?

आपल्याकडची बरीच जमीन काळ्या मातीची. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. या मातीवर मुरमाचा आणि गिट्टीचा पाया नीट घातला नाही, दोन्ही बाजूंना पाणी वाहायला नाली काढली नाही, तर रस्ता खालून हलतो. वरच्या इंचभर थरात प्लॅस्टिक असो की नसो, तो फाटणारच. वाळवी लागलेल्या खांबाला वरून रंग दिल्यासारखं ते होतं.

म्हणून रस्ता खराब झाला की आधी आजार ओळखायला शिका. खड्ड्याच्या काठाजवळचा एक खडा उचलून बघा. पाया जागेवर आहे, पण खडे सुटे झालेत आणि त्यांच्यावरचं डांबर धुऊन जाऊन ते नागडे दिसताहेत, तर पाण्याने डांबर सोडवलं. हा आजार प्लॅस्टिक कमी करू शकतं. पण रस्त्याच्या लांबीने भेगा गेल्या असतील, चाकोरी खचली असेल, भेगांतून चिखल वर येत असेल, तर दोष पायाचा आणि नालीचा आहे. तिथे प्लॅस्टिकचा उपयोग नाही.

आणखी दोन मर्यादा सांगते. गावातल्या गल्लीत सिमेंटचा रस्ता होतो, त्यात डांबरच नसतं, म्हणून ही पद्धत तिथे लागूच होत नाही. आणि खड्डे बुजवायला ड्रममध्ये डांबर तापवून त्यात कोणी पिशव्या टाकत असेल, तर तो प्लॅस्टिकचा रस्ता नव्हे. ना तिथे आच मोजलेली असते, ना गिट्टीला थर चढतो. नुसता धूर. त्या धुरापासून लेकरांना लांब ठेवा. चांगल्या मालाची खूण अशी, की गिट्टी सारखी काळी आणि चमकदार दिसते, त्यात प्लॅस्टिकचे गोळे किंवा तार सुटलेली दिसत नाही.

मग गोळा केलेलं प्लॅस्टिक द्यायचं कुठे? स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात तालुकास्तरावर प्लॅस्टिक प्रक्रिया केंद्रासाठी सोळा लाखांपर्यंत निधीची तरतूद करण्यात आली. तिथे चुरा करण्याचं यंत्र असावं लागतं. आपल्या तालुक्याचं केंद्र कुठे आहे, चालू आहे का, चुरा कोणत्या प्लांटला जातो, हे पंचायत समितीत विचारा. रस्त्याला न चालणारा काही माल सिमेंट कारखान्यांच्या भट्टीत इंधन म्हणून जातो. तो कोण नेणार, हेही तिथेच विचारा.

मावशींच्या गटाने त्या दिवसापासून एक पद्धत लावली. दुधाची पिशवी रिकामी झाली की भांडी विसळायच्या पाण्यातच तीही विसळायची आणि दोरीवर वाळत टाकायची. तिच्यासाठी वेगळं पाणी खर्च होत नाही, उन्हाळ्यात ते परवडतही नाही. मग घरोघरी दोन पिशव्या, एक दुधाच्या पिशव्यांची, एक बाकीच्याची. आणि येत्या ग्रामसभेत त्या विचारणार आहेत ते प्लॅस्टिकबद्दल नंतर. आधी विचारणार, नाली कुठे आहे.