बॅगवालं व्हॉट्सअ‍ॅप नक्की कुणाचं?

फोनमध्ये एकाच अ‍ॅपची दोन आयकॉन्स. एक नेहमीचं हिरवं, दुसरंही हिरवंच, पण त्याच्या कोपऱ्यात छोटीशी बॅग. पहिल्या नोकरीत ऑफिसने ‘वर्क प्रोफाइल टाकून घ्या’ म्हटलं असेल, तर ही बॅग तुम्ही पाहिली असेलच. ऑफिसचं वेगळं, आपलं वेगळं, इतकं समजलं की आपण पुढे जातो. माझी एक मैत्रीणही अशीच पुढे गेली होती.

कंपनीने तिला सिमकार्ड दिलं. तिच्या स्वतःच्याच फोनमध्ये वर्क प्रोफाइल बसवलं आणि त्यातल्या व्हॉट्सअ‍ॅपवर तो नवा नंबर सुरू झाला. त्याच आठवड्यात ती भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. घरमालकाला दिला तोच नवा नंबर, कारण दिवसभर तोच हातात असायचा. पहिल्या दिवशी किचनच्या ओट्याची तडकलेली फरशी आणि बाथरूमची ओल, दोन्हींचे फोटो तिने त्याच अ‍ॅपमधून काढले आणि मालकाला पाठवले. मालकाचं उत्तरही आलं, ‘हो, माहीत आहे.’ विषय संपला.

सव्वा वर्षाने तिने नोकरी आणि फ्लॅट एकाच महिन्यात सोडलं. शेवटच्या दिवशी सिम परत दिलं, लॅपटॉप जमा केला. संध्याकाळी फोनवर सूचना आली: Work profile deleted. बॅगवाली सगळी आयकॉन्स गायब. चार दिवसांनी मालक म्हणाला, फरशी तुम्हीच फोडलीत, डिपॉझिटमधून पैसे कापणार. पुरावा होता, पण पुसल्या गेलेल्या चॅटमध्ये.

आता प्रश्न असा, की फोन तिचा, बोटं तिची, मग चॅट तिचं का नाही?

अँड्रॉइडच्या दृष्टीने वर्क प्रोफाइल म्हणजे साधा फोल्डर नाही, तो फोनमधला जवळजवळ दुसरा माणूसच आहे. तुमच्या पर्सनल बाजूला अँड्रॉइड 0 हा क्रमांक देतं आणि वर्क प्रोफाइलला बहुतेक वेळा 10. अ‍ॅप एकच असलं, तरी त्याचा डेटा दोन वेगळ्या ठिकाणी साठतो:

```
/data/user/0/com.whatsapp
/data/user/10/com.whatsapp
```

एका बिल्डरने एकाच नकाशावर बांधलेले शेजारचे दोन फ्लॅट समजा. आतली रचना सेम, पण सामान वेगळं, कुलूप वेगळं. चॅट, फोटो, व्हॉइस नोट्स, सगळं आपापल्या फ्लॅटमध्ये. म्हणूनच बॅगवाल्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो तुमच्या नेहमीच्या गॅलरीत दिसत नाही आणि आईचा नंबर फोनमध्ये सेव्ह असूनही तिथे तिचं नाव न येता नुसते आकडे दिसतात. असं झालं, की ओळखायचं, आपण दुसऱ्या फ्लॅटमध्ये आहोत.

या भिंतीचा फायदा तुम्हालाही आहे, बरं का. पर्सनल बाजूचे तुमचे फोटो आणि चॅट्स कंपनीच्या आयटीला दिसत नाहीत. सुट्टीच्या दिवशी वर्क प्रोफाइल पॉज केलं, की तिथलं व्हॉट्सअ‍ॅप चालूच राहत नाही. समोरच्याला एकच टिक दिसते आणि प्रोफाइल पुन्हा सुरू केलं, की मेसेज येऊन पडतात.

पण त्या दुसऱ्या फ्लॅटची एक चावी आयटीकडे असते. तिथे कोणती अ‍ॅप्स चालतील, तिथलं काही पर्सनल बाजूला शेअर करता येईल का, हे ते ठरवतात. आणि कुठूनही बसून ते अख्खं प्रोफाइल पुसू शकतात. पुसताना पर्सनल बाजूला धक्का लागत नाही, पण वर्क बाजूचं काहीही उरत नाही.

‘बॅकअप होता ना?’ हा मीही तिला पहिला प्रश्न विचारला. व्हॉट्सअ‍ॅप फोनवर रोज एक बॅकअप फाइल बनवतं खरं, पण तीही त्याच फ्लॅटमध्ये, म्हणजे प्रोफाइलबरोबर तीही गेली. राहिला गूगलच्या खात्यातला बॅकअप. तो परत आणायला तोच मोबाइल नंबर लागतो आणि तेच गूगल खातं. तिच्या बाबतीत नंबर कंपनीचा आणि वर्क प्रोफाइलमधलं गूगल खातंही कंपनीचंच. दोन्ही तिने हसतहसत परत केले होते.

व्हॉट्सअ‍ॅपकडे मागून मिळेल? नाही. मेसेज पोहोचला, की त्यांच्या सर्व्हरवरून तो काढला जातो. न पोहोचलेला तिथे जास्तीत जास्त 30 दिवस थांबतो. त्यामुळे चॅटची खरी प्रत फक्त दोन ठिकाणी असते, तुमच्या फोनवर आणि समोरच्याच्या.

तिला वाचवलं ते याच गोष्टीने. तेच फोटो तिने रूममेट्सच्या ग्रुपवरही टाकले होते. एका रूममेटने ग्रुपच्या मेनूतून More > Export chat केलं, मीडियासकट. तारखेसह मजकूर आणि फोटो मिळाले. मालकाने ते बघितले आणि फरशीचा विषय सोडला.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून आधी एकच गोष्ट तपासा: बॅगवाल्या व्हॉट्सअ‍ॅपवर नंबर कुणाचा आहे? कंपनीचा असेल, तर घरमालक, बँक, कॉलेज यांच्याशी तिथून बोलूच नका. आधीच बोलला असाल, तर राजीनामा दिल्या दिवशी कामाला लागा, शेवटच्या दिवशी नाही. त्या लोकांना स्वतःचा नंबर कळवा. ग्रुपमध्ये तो नंबर अ‍ॅड करून घ्या आणि तुम्ही एकटेच अ‍ॅडमिन असाल, तर आणखी कुणाला तरी अ‍ॅडमिन करा. खासगी चॅट एक्सपोर्ट करा. शेअरिंग बंद असेल, तर महत्त्वाचे मेसेज आणि फोटो आपल्याच पर्सनल नंबरवर फॉरवर्ड करा. ते नेटवरून जातात, त्या भिंतीतून नाही. ऑफिसच्या कामाचे चॅट मात्र तिथेच राहू द्या, ते तुमचे नाहीत. आणि एक्सपोर्ट केलेली फाइल वाचता येते, व्हॉट्सअ‍ॅपमध्ये परत भरता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

नंबर तुमचा स्वतःचा असेल, तर वेगळी गंमत होते. तोच नंबर पर्सनल बाजूच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, की वर्क बाजूचं लॉगआउट होतं. ग्रुप्स दिसतात, कारण सदस्यांची यादी सर्व्हरवर असते. जुने मेसेज मात्र दिसत नाहीत. अनेकांना वाटतं नंबर आला म्हणजे चॅट आलं. तसं नाही. त्याआधी Settings > Chats > Chat backup मध्ये जाऊन बॅकअप कोणत्या गूगल खात्यात जातोय ते बघा. ते खातं तुमच्याकडे राहणारं नसेल, तर त्या बॅकअपवर विसंबू नका.

ऑफिसचा काही संबंध नसताना शेल्टर किंवा आयलंडसारखं अ‍ॅप टाकून स्वतःच वर्क प्रोफाइल बनवणारेही बरेच आहेत. तिथे चावी तुमचीच, पण नियम तोच: प्रोफाइल काढलं, की आतलं चॅट गेलं. शिवाय फोनवर असं प्रोफाइल एकच बसतं. उद्या नव्या कंपनीने त्यांचं टाकायला सांगितलं, की तुमचं आधी काढावं लागेल. फक्त दोन नंबर वापरायचे असतील, तर 2023 पासून व्हॉट्सअ‍ॅपमध्येच दुसरं खातं जोडता येतं. ते पर्सनल बाजूलाच राहतं.

मैत्रीण आता नव्या नोकरीत आहे. फोनमध्ये पुन्हा बॅग आली आहे. नव्या घरमालकाला मात्र तिने नंबर दिला तो स्वतःचा, दहावीनंतर बाबांनी घेऊन दिलेला.