केस, लेसर आणि चकाकता कागद

बारावीच्या वर्गात प्रकाशाचे द्वैत स्वरूप शिकवावयाचे असेल, तर प्रथम अंधाऱ्या खोलीत 650 नॅनोमीटर तरंगलांबीच्या तांबड्या लेसरसमोर एक केस ताणून धरावा (झोत कोणाच्या डोळ्यांत जाऊ न देण्याची खबरदारी शिक्षकाने स्वतः घ्यावी), आणि दोन मीटरांवरील भिंतीवर उमटणाऱ्या पट्ट्यांत, मधला रुंद पट्टा सोडून, लगतच्या दोन काळ्या रेषांमधील अंतर विद्यार्थ्यांकडून मोजवून घ्यावे. ते दोन सेंटिमीटर भरले, तर तरंगलांबी व भिंतीचे अंतर यांच्या गुणाकाराला त्याने भागून केसाची जाडी 65 मायक्रोमीटर निघते. हा हिशेब प्रकाशास तरंग मानल्यावाचून जुळत नाही.

मग अंधारात चकाकणाऱ्या कागदावर तोच लेसर मिनिटभर रोखावा. ठिपका उमटत नाही. परंतु निळ्या एलईडीचा मंद उजेड पडताच कागद उजळतो, कारण तांबड्या प्रकाशकणाची ऊर्जा जेमतेम 1.9 इलेक्ट्रॉनव्होल्ट, तर निळ्याची सुमारे 2.7, आणि तोकड्या ऊर्जेचे पुष्कळ कण येथे एकमेकांची उणीव भरून काढीत नाहीत. कागद आधीच चकाकत असेल तर प्रयोग फसला असे समजावे. तो आदल्या रात्रीपासून बंद पेटीत ठेवावा.

चाणाक्ष विद्यार्थी विचारील, की पट्टे कणांच्या गर्दीमुळे पडत असतील काय? त्यास जी. आय. टेलर यांनी 1909 साली प्रसिद्ध केलेले, काजळलेल्या काचांतून गाळलेल्या अतिक्षीण प्रकाशात कित्येक आठवडे घेतलेले सुईच्या छायेचे छायाचित्र सांगावे: पट्टे तितकेच स्पष्ट होते.