विश्लेषण : उगाळलेले गंध दुसऱ्या दिवशी आंबते का? उरलेले चंदन कसे टिकवावे?

गणपतीच्या दिवसांत अनेक घरांत एकच गोष्ट होते. आदल्या रात्री, सकाळची घाई नको म्हणून, वाटीभर गंध उगाळून झाकून ठेवले जाते. पहिल्या दिवशी ते चालते. दुसऱ्या दिवशी वाटीत वर पाणी आणि खाली गाळ बसलेला दिसतो, वास आंबूस येतो, आणि तिसऱ्या दिवशी कडेला पांढरी किंवा हिरवट लव उठलेली असते. मग दोष चंदनाला दिला जातो, 'हल्ली खोडात काही राहिलं नाही' असे म्हटले जाते. खोड नकली असू शकते, पण बहुतेक वेळा कारण साधे असते. गंध म्हणजे पाण्यात भिजलेला लाकडाचा बारीक भुसा. ओले लाकूड पावसाळी हवेत बंद झाकणाखाली ठेवले की त्याला बुरशी येणारच.

सुगंध कुठून येतो?

चंदनाच्या झाडाचा सुगंध खोडाच्या आतल्या गाभ्यात असतो. सालीलगतचा पांढरट भाग जवळजवळ बिनवासाचा. गाभा पिवळसर ते तपकिरी दिसतो, त्यातच तेल असते. या तेलाचा मोठा भाग सँटालॉल नावाच्या घटकांचा असतो आणि ते हळूहळू उडतात. म्हणून चंदनाचा वास अत्तरासारखा एकदम अंगावर येत नाही, पण उगाळल्यावर बराच वेळ दरवळतो. लाकूड दगडावर झिजते तेव्हा तेलाच्या बंद पेशी फुटतात, म्हणून नुसते खोड हुंगण्यापेक्षा उगाळताना वास जास्त येतो.

नकली खोडाचा संशय इथेच पक्का होतो. साध्या लाकडाला वरून सुगंधी तेल चोळलेले असेल, तर हातात घेताच भपकन वास येतो आणि आठ-दहा दिवस उगाळल्यावर, वरचा थर झिजला की, वास विरतो. खऱ्या खोडाचे उलट असते. कोरडे असताना वास मंद, उगाळल्यावर वाढतो, आणि खोड बोटभर उरले तरी तसाच राहतो. रक्तचंदन हे मात्र वेगळेच झाड. त्याचे गंध लाल येते आणि त्याला चंदनाचा सुगंध नसतो. ते घेऊन 'वास येत नाही' म्हणून दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही.

उगाळताना काय चुकते?

सर्वात मोठी चूक पाण्याची. सहाणेवर पळीभर पाणी ओतले की खोड पाण्यावर तरंगल्यासारखे फिरते, दगडाला घासत नाही. पाणी पांढुरके होते, पण बोटाने कपाळावर टेकवले की ओघळून भुवईवर येते. सुरुवातीला तीन-चार थेंबच पुरतात. खोडाचे कापलेले टोक सहाणेवर सपाट धरून, हलक्या दाबाने गोल फिरवायचे. घट्टपणा आला आणि खोड अडू लागले की पुन्हा एक-दोन थेंब. दाब वाढवून काम लवकर होत नाही, उलट जाडसर कण सुटतात. गंध झाले की नाही याची खूण बोटावरच मिळते. बोट उचलल्यावर थेंब पडू नये आणि दोन बोटांत चोळल्यावर कचकच लागू नये.

ही कचकच अनेकदा लाकडाची नसून दगडाची असते. नव्या सहाणेतून सुरुवातीला दगडाची पूड सुटते, गंध करडे दिसते. पहिल्या काही वेळचे गंध पुसून टाकावे, देवाला किंवा कपाळाला लावू नये. दुसऱ्या टोकाला गुळगुळीत संगमरवरी सहाण. शोकेसमध्ये ती फार देखणी दिसते, पण लाकूड तिच्यावर घसरते आणि दहा मिनिटांनीही हाती फक्त गढूळ पाणी लागते. बारीक रवाळ दगडाची, कडेला चर असलेली जुनी सहाण कामाला बरी.

कपाळाला थंड का वाटते?

गारव्याचे मुख्य काम पाणी करते. गंधातले पाणी उडताना त्वचेची उष्णता घेऊन जाते. मग नुसते पाणी का लावू नये? हवे तर दोन मनगटांवर करून पाहावे, एकावर पाण्याचे बोट, दुसऱ्यावर गंधाचे. पाणी लगेच सुकते. गंधातले लाकडाचे कण पाणी धरून ठेवतात, ते सावकाश उडते आणि गारवा जास्त वेळ टिकतो. गंध सुकून त्वचा ताणल्यासारखी वाटली की गारवा संपला. मुंबईच्या दमट हवेत पाणी कमी उडते, म्हणून तिथे हा परिणाम विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्याइतका जाणवत नाही. पंढरपूरला विठ्ठल-रुक्मिणीची चंदनउटी पूजा गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत, म्हणजे ऐन उन्हाळ्यात असते, त्यामागे देवाला उन्हाचा दाह होऊ नये ही भावना आहे.

उरलेल्याचे काय?

पाच दिवसांच्या गणपतीचे उदाहरण घेऊ. मूर्ती, देव्हाऱ्यातले टाक आणि घरच्या चार-पाच जणांचे कपाळ यांना एका वेळी अर्धा चमचा गंध भरपूर होते. सकाळी चमचाभर उगाळले तर संध्याकाळच्या आरतीलाही पुरते. पूजेसाठी लागेल तेवढे आधी वेगळ्या वाटीत काढून घ्यावे. सहाणेवरून थेट देवाला गंध लावायचे नाही, अशी अनेक घरांत पद्धत आहे. बाकीच्यात कुंकवाचे बोट, फुलाची पाकळी किंवा पंचामृताचा थेंब पडू देऊ नये, कारण गंध सर्वात लवकर बिघडते ते यांनीच. स्वच्छ राहिलेले गंध काचेच्या झाकणाच्या डबीत, फ्रिजमध्ये दोन दिवस चालते. डबी उघडी राहिली तर मात्र त्याला लसूण-कांद्याचा वास लागतो.

त्याहून जास्त ठेवायचे असेल तर पाणी काढून टाकणे हाच उपाय. घट्ट गंधाच्या रुपयाएवढ्या पातळ वड्या ताटलीत घालून सावलीत, पंख्याखाली सुकवाव्यात. उन्हात घाई केली तर त्या तडकतात आणि सुगंधही कमी होतो. वडी मोडल्यावर कट् आवाज झाला तर सुकली, वाकली तर आत ओल आहे. सुकलेल्या वड्या कोरड्या बरणीत महिनोन्महिने टिकतात. लागेल तेव्हा वडी सहाणेवर दोन थेंब पाण्यात फिरवली की गंध तयार. वास ताज्यापेक्षा थोडा उतरतो, हे खरे. म्हणून अनेक जण वड्या घरच्यांच्या कपाळासाठी ठेवतात आणि देवासाठी रोज ताजे उगाळतात.

केशर किंवा हळद घातलेले गंध साठवू नये, त्याच दिवशी संपवावे. लव दिसली तर वरचा थर काढून खालचे वापरू नये, सगळे टाकावे. बुरशी डोळ्यांना दिसते त्यापेक्षा खोल गेलेली असते आणि कपाळावरून ती डोळ्यात जायला वेळ लागत नाही. ज्यांना चंदनाने खाज किंवा लाली येते, त्यांनी आधी कोपराच्या आतल्या बाजूला टिकली लावून दिवसभर पाहावे.

खोडाचीही तीच गोष्ट. उगाळून झाल्यावर ते ओल्या सहाणेवर आडवे पडून राहिले की टोकाला काळे डाग येतात आणि पुढच्या वेळी गंधाला कुबट वास लागतो. पुसून, ओले टोक वर करून, हवेशीर जागी उभे ठेवले की ते दुसऱ्या सकाळपर्यंत कोरडे होते.