उसाच्या फडातून गेटवेपर्यंत: लोरा

- मातीची ओल, तापमान, पाऊस असे मोजकेच आकडे दूरवर पाठवणारा कमी विजेचा रेडिओ. फोटो, व्हिडिओ यावरून जात नाहीत.
- भारतात परवाना न लागणारा पट्टा 865 ते 868 मेगाहर्ट्झ. युरोपात रूढ असलेली 868.1 ची सेटिंग या पट्ट्याबाहेर जाते.
- स्प्रेडिंग फॅक्टर (7 ते 12) वाढवला की पल्ला वाढतो, पण बॅटरीही जास्त लागते. 125 किलोहर्ट्झवर 20 बाइटच्या संदेशाला 7 वर सुमारे 57 मिलिसेकंद लागतात, 12 वर 1.3 सेकंद.
- पेठ वडगाव परिसरात लागणीला नीट येणारे आकडे ऊस डोक्यावर गेल्यावर तुटू लागतात, कारण ओला पाला लहरी शोषतो. सेन्सर मुळांशीच ठेवून अँटेना शेंड्यांच्या वर न्यावी.