कंट्रोलर हातात एक, स्क्रीनवर बटण भलतंच! गेममध्ये असं का होतं?

हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांनी घेतला असेल. हातात प्लेस्टेशनचा कंट्रोलर आहे, गेम कॉम्प्युटरवर चालू आहे आणि ऐन मारामारीत स्क्रीनवर येतं, "X दाबा". तुम्ही लगेच फुली असलेलं बटण दाबता आणि तुमचा हिरो तिथेच गारद होतो! कारण गेमला अभिप्रेत असलेलं X हे एक्सबॉक्सचं X होतं. ते डावीकडे असतं आणि प्लेस्टेशनवर त्या जागी चौकोन असतो.

चूक खेळणाऱ्याची नाही, गेम बनवणाऱ्याची आहे. ती टाळायला नेमकं काय करावं लागतं ते बघूया.

चार बटणांची मांडणी सगळीकडे सारखीच असते: खाली, उजवीकडे, डावीकडे आणि वर एकेक. भानगड त्यांच्या नावांची आहे. एक्सबॉक्सवर खालचं बटण A आणि उजवं B. निन्टेन्डो स्विचवर नेमकं उलटं, खालचं B आणि उजवं A. X आणि Y यांचीही अशीच अदलाबदल. प्लेस्टेशनवर अक्षरंच नाहीत, तिथे खाली फुली आणि उजवीकडे गोल.

म्हणून प्रोग्रामरने "A दाबलं का?" असं विचारायचंच नसतं, "खालचं बटण दाबलं का?" असं विचारायचं असतं. एसडीएल नावाची एक मोफत लायब्ररी आहे. विंडोज, मॅक, लिनक्स अशा वेगवेगळ्या सिस्टिमवर कंट्रोलर हाताळायला ती सर्रास वापरली जाते. तिच्या तिसऱ्या आवृत्तीत या बटणाचं नावच `SDL_GAMEPAD_BUTTON_SOUTH` म्हणजे 'दक्षिणेचं बटण' असं आहे. उडी दक्षिणेच्या बटणावर ठेवली की कुठल्याही कंट्रोलरवर अंगठा त्याच जागी जातो. स्क्रीनवर कोणतं चिन्ह दाखवायचं हा प्रश्न वेगळा. प्रत्येक कंट्रोलर जोडताना आपल्या कंपनीचा एक क्रमांक सांगतो (मायक्रोसॉफ्ट `045E`, सोनी `054C`, निन्टेन्डो `057E`), त्यावरून चित्रांचा योग्य संच निवडता येतो.

याला एक अपवाद आहे. मेनूमध्ये 'ओके' करायचं बटण जागेवरून नाही, सवयीवरून ठरतं. स्विचवर खेळणारे 'ओके'साठी उजवीकडचं A दाबतात. तिथे हट्टाने खालचं बटण ठेवलं, तर लोक 'ओके' करायला जातील आणि मेनू बंद होत राहील.

आता सुरुवातीच्या प्रसंगात गेमने सोनीचा क्रमांक वाचला असता तर काम झालं असतं का? दरवेळी नाही. स्टीमवर 'स्टीम इनपुट' चालू असेल, तर कंट्रोलर कुठलाही असला तरी तो गेमला एक्सबॉक्सचा कंट्रोलर म्हणून दाखवला जाऊ शकतो. जुन्या गेमना त्याचा फायदा होतो, पण चिन्हं चुकतात. अशा वेळी खरा कंट्रोलर कोणता हे गेमने स्टीमलाच विचारावं लागतं. आणि सेटिंगमध्ये 'चिन्हं: एक्सबॉक्स / प्लेस्टेशन / स्विच' असा साधा पर्याय द्यावा. आमच्या मते हा पर्याय नसलेला गेम अर्धवटच म्हणायला हवा.

आता थोडा वेगळा त्रास. गेम चालू आहे, तुम्ही कीबोर्डवर खेळताय, कंट्रोलर नुसता टेबलावर पडलाय. तरी स्क्रीनवरची चिन्हं कीबोर्ड, कंट्रोलर, कीबोर्ड, कंट्रोलर अशी लुकलुकतायत! भुताटकी नाही हो. कंट्रोलरची स्टिक सोडून दिली तरी ती बरोब्बर शून्यावर थांबत नाही. आतले भाग झिजले की ती 0.05, 0.08 असं काहीतरी सांगत राहते. यालाच ड्रिफ्ट म्हणतात. गेमला वाटतं, कंट्रोलर कुणीतरी हलवतंय.

यावरचा उपाय म्हणजे डेड झोन, अर्थात मध्यभागी एक असा भाग ज्यातली हालचाल मोजायचीच नाही. मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सइनपुट प्रणालीत डाव्या स्टिकसाठी सुचवलेला आकडा आहे 32767 पैकी 7849, म्हणजे जवळपास 24 टक्के.

हा डेड झोन लावतानाच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. सोपा वाटणारा मार्ग असा, की आडवा आकडा 0.2 पेक्षा कमी असेल तर तो शून्य करा, उभा कमी असेल तर तोही शून्य. आता समजा खेळाडूने स्टिक जवळजवळ पूर्ण वर आणि किंचित उजवीकडे ढकलली आहे: आडवा 0.15, उभा 0.9. या पद्धतीत आडवा आकडा शून्य होतो आणि हिरो नाकासमोर सरळ चालतो. नेम धरायच्या गेममध्ये तर नेम आडव्या-उभ्या रेषांना चिकटल्यासारखा वाटतो. खेळणाऱ्याला कारण कळत नाही, "कंट्रोल जड आहेत" एवढंच तो म्हणतो.

बरोबर मार्ग म्हणजे दोन्ही आकडे एकत्र घेऊन केंद्रापासूनचं अंतर मोजणं:

```
m = sqrt(x*x + y*y)
if m < 0.2:
    x = y = 0
else:
    n = min((m - 0.2) / (0.95 - 0.2), 1)
    x = x / m * n
    y = y / m * n
```

आपल्या उदाहरणात अंतर येतं साधारण 0.91. ते 0.2 च्या बाहेर आहे, म्हणून दिशा जशीच्या तशी राहते. उत्तर येतं आडवा 0.16, उभा 0.94. वजाबाकी आणि भागाकार कशासाठी? ते नसतील तर स्टिक 0.2 ओलांडताच वेग शून्यावरून थेट 0.2 वर उडी मारेल आणि हळू चालणं जमणारच नाही. यात 0.21 ला वेग जेमतेम 0.01 असतो. आणि 0.95 एवढ्यासाठी, की झिजलेली स्टिक कधीकधी पूर्ण 1 पर्यंत पोहोचतच नाही आणि हिरो कधीच पूर्ण वेगाने धावत नाही.

चिन्हं बदलण्यासाठी मात्र याहून मोठी मर्यादा ठेवावी. बटण दाबलं, किंवा स्टिक 0.5 च्या पुढे गेली, तरच 'खेळाडू आता कंट्रोलरवर आलाय' असं मानायचं. लुकलुक तिथेच थांबते.

राहिलं व्हायब्रेशन. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये, मुठींमध्ये, दोन मोटरी असतात. डावीकडची जड वजनाची, घरघर करणारी. उजवीकडची हलकी, झणझणणारी. स्फोटाला डावी, गोळीच्या धक्क्याला उजवी. ही वजनं फिरायला लागायला क्षणभर जातो, म्हणून फार छोटा धक्का हाताला जाणवतच नाही. स्विचच्या जॉय-कॉनमध्ये फिरणारी वजनं नसून पुढे-मागे थरथरणारे भाग आहेत, ते पटकन सुरू होतात आणि पटकन थांबतात. त्यामुळे एकाच आकड्याचा झटका दोन्हीकडे सारखा लागत नाही, प्रत्येक कंट्रोलर हातात धरूनच जोर ठरवावा लागतो.

इथली नेहमीची चूक म्हणजे मोटर सुरू करून बंद करायचं विसरणं. स्फोट झाला, त्याच क्षणी खेळाडूने पॉज दाबलं आणि कंट्रोलर टेबलावर मधमाशीसारखा गुणगुणत बसला! म्हणून एसडीएलमध्ये व्हायब्रेशन सुरू करतानाच ते किती वेळ चालेल हे सांगावं लागतं:

```
SDL_RumbleGamepad(pad, 40000, 10000, 250);
```

पहिला आकडा जड मोटरचा जोर, दुसरा हलकीचा (दोन्ही 0 ते 65535), शेवटचा वेळ मिलिसेकंदांत. तरीही पॉज होताना दोन्ही शून्य करून टाकावेत. आणि सेटिंगमध्ये व्हायब्रेशन बंद करायची सोय हवीच, कारण काहींच्या हाताला ते सोसत नाही.